साखरपुड्यानंतरची चॅट: समोरच्याच्या टायपिंगशी जुळवून घ्या, पण त्याची नक्कल करू नका

साखरपुडा झाला की नंबर मिळतो आणि खरी परीक्षा तिथून सुरू होते. आपल्याकडं मराठवाड्यात बहुतेक घरांत सोयाबीनची रास झाली, हातात पैसा आला, तुळशीचं लग्न लागलं की मगच तारखा निघतात, त्यामुळं उन्हाळ्यात साखरपुडा झालेल्या दोघांना पाच-सहा महिने फोनवरच एकमेकांना ओळखायचं असतंय. आणि बोलायचं म्हटलं तर घरात आई, आजी, बारकी भावंडं सगळी एकाच खोलीत, म्हणून मग चॅट. ज्या माणसाला तुम्ही जेमतेम दोन-तीनदा भेटलात, त्याचा आवाज कसा चढतो-उतरतो हेही अजून नीट माहीत नाही, त्याचा "बरं." असा मेसेज आला की तो रागातला आहे का थकलेला आहे का त्याची सवयच तशी आहे, हे कळायला काहीच मार्ग नसतो. माझ्या घरात, नात्यात आणि मैत्रिणींत यावरून झालेले गैरसमज मी जवळून बघितलेत, स्वतःही या सगळ्यातून गेलेय, म्हणून नव्यानं जमलेल्या जोड्यांसाठी सगळं क्रमानं लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते. जुळवून घेणं म्हणजे समोरचा जसं लिहितो तसं लिहिणं नाही. समोरच्याला किती लांब वाचायला सोपं जातं, तो वाक्य कशानं संपवतो, भावना कुठं दाखवतो हे ओळखून आपलं बोलणं त्या मापात बसवायचं, पण शब्द आपलेच ठेवायचे. संवादाचा अभ्यास करणारे हॉवर्ड जाइल्स यांनी १९७० च्या दशकातच मांडलंय की माणसं बोलताना नकळत एकमेकांच्या जवळ सरकतात, पण हे सरकणं प्रमाणाबाहेर गेलं तर ऐकणाऱ्याला ते खोटं किंवा कमी लेखणारं वाटतं. चॅटलाही हे तंतोतंत लागू होतंय.

सोबत काय लागेल

- त्यांच्यासोबतची मागच्या दोन आठवड्यांची चॅट. दोन आठवडे झालेच नसतील तर थांबा, तेवढे होऊ द्या.
- कागद आणि पेन. फोनवर नोट्स लिहू नका, घरातले फोन घेतात.
- त्यांची दिवसाची वेळ माहीत पाहिजे, म्हणजे शिफ्ट, कॉलेज, क्लास, शेतात जाण्याची वेळ, लोडशेडिंगचं वेळापत्रक.
- अर्धा तास शांतता.

आणि काय लागत नाही ते पण सांगते. चॅटचे स्क्रीनशॉट मैत्रिणीला किंवा वहिनीला पाठवून "हे बघ ना, याचा अर्थ काय" असं विचारायचं नाही. त्यांनी ते तुमच्यासाठी लिहिलंय. शिवाय तिसऱ्या माणसाला त्यांची रोजची सवय माहीत नसते, त्यामुळं तो स्वतःच्या सवयीनं अर्थ लावतो आणि तो बहुतेक वेळा चुकतो.

१. आधी फक्त मोजा, अर्थ लावू नका

दोन आठवड्यांच्या चॅटमधून त्यांचे वीस मेसेज निवडा. निवडताना भांडणाच्या दिवसाचे आणि वाढदिवसासारख्या खास दिवसाचे सोडून द्या, रोजचे साधे घ्या, थोडे सकाळचे थोडे रात्रीचे. आता कागदावर तीन रकाने करा. पहिल्यात त्या मेसेजमध्ये शब्द किती. दुसऱ्यात तो कशानं संपला, म्हणजे पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, टिंबटिंब, इमोजी का काहीच नाही. तिसऱ्यात इमोजी कुठला आणि कितीदा.

हे एवढं कशाला, असं वाटेल. पण आपल्याला लक्षात राहतात ते टोचलेले मेसेज, आणि मग "तो कधीच इमोजी टाकत नाही" असं आपण ठरवून बसतो. वीस मेसेज समोर मांडले की कळतं, टाकतो, पण फक्त रात्री टाकतो, किंवा फक्त तिनं काही खाण्याचं लिहिलं की टाकतो. यालाच मी त्यांची पट्टी म्हणते. कुठल्याही एका मेसेजचा अर्थ या पट्टीच्या मापानं लागतो. रोज पूर्णविराम देणाऱ्याचा पूर्णविराम म्हणजे काहीच नाही, कधीच न देणाऱ्यानं अचानक दिला तर मात्र थांबून विचारायचं.

मग हेच तुमच्या वीस मेसेजचं पण करा. हा भाग लोक टाळतात आणि सगळा दोष समोरच्यावर ढकलतात. फरक किती आहे ते दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

माझ्या मावसबहिणीचं उदाहरण घेऊ, तिला विचारूनच लिहितेय. ती लातूरला खाजगी क्लासमध्ये शिकवते, रात्री नऊला सुटते. तिचा होणारा नवरा छत्रपती संभाजीनगरला वाळूजमध्ये कंपनीत आहे, आठवड्याला शिफ्ट बदलते. तिच्या वीस मेसेजची सरासरी निघाली पंचवीसेक शब्द, जवळपास प्रत्येकात इमोजी, एकेकात तीन-तीन चार-चार. त्याची सरासरी चार-पाच शब्द, अर्ध्याहून जास्त मेसेजला शेवटी पूर्णविराम, वीसात इमोजी फक्त तीनदा आणि ते पण 🙂 किंवा 👍. तिचं म्हणणं होतं की त्याला हे लग्न मनातून नाहीये. कागदावर बघितल्यावर पहिली गोष्ट दिसली ती ही, की तो साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवसापासून असाच लिहितोय, काहीही बदललेलं नाही.

२. लांबी: शब्द मोजून भरू नका, मुद्दे मोजा

लांबीत सगळ्यात जास्त गडबड होते म्हणून इथं थोडं थांबते.

तिचा त्या वेळचा एक मेसेज असा होता:

"आज क्लासमध्ये काय झालं माहितीये का एका पोरानं सगळ्या वर्गासमोर विचारलं मॅडम तुमचं लग्न कधी 😂😂 मला तर काय बोलावं सुचेनाच 🙈 तुम्ही जेवलात का? आणि उद्या सुट्टी आहे ना तुम्हाला 😊😊"

त्याचं उत्तर: "हो. उद्या सुट्टी."

आता तिला वाटलं हा तुटक आहे. पण नीट बघा, त्यानं शेवटच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं दिलीत. त्याच्या हिशोबानं मेसेज पूर्ण झाला. राहिलं काय, तर क्लासमधला किस्सा, जो सांगायचा म्हणून तिनं सगळा मेसेज लिहिला होता. म्हणजे दुखलं ते तीन शब्दांमुळं नाही, किस्सा खाली पडला म्हणून दुखलं. त्यानं जर उलट पन्नास शब्द जेवणाबद्दल लिहिले असते तरी तिला बरं वाटलं नसतं.

त्याला मी सांगितलं ते एवढंच, की तिच्या लांब मेसेजमधली जी गोष्ट ती सांगायला आली होती त्याला आधी हात घाल, मग प्रश्नांची उत्तरं दे. नंतरच्या आठवड्यात अशाच एका मेसेजला त्याचं उत्तर होतं: "धीट आहेत की पोरं. मग काय सांगितलं तू? जेवलो, परवा पहिली शिफ्ट." मोजा, दहाच्या आसपास शब्द. तिच्या निम्मे पण नाहीत, पूर्णविराम तसाच आहे, इमोजी नाही. तरी ती खूश झाली.

तिच्या बाजूनं बदल असा की एका मेसेजमध्ये एकच विषय. किस्सा आधी पाठवायचा आणि थांबायचं, त्याचं उत्तर आलं की मग जेवण-सुट्टी. कारण थोडक्यात लिहिणारी माणसं मेसेजच्या शेवटच्या ओळीला उत्तर देतात, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता मी ते धरूनच चालते. महत्त्वाचं वरती आणि प्रश्न खालती असेल तर उत्तर प्रश्नालाच मिळणार.

मापाचा साधा नियम असा ठेवा. तुमची लांबी त्यांच्या लांबीच्या दुप्पट-तिप्पटपर्यंत चालते, पाच-सहा पटीवर गेली की समोरच्याला ओझं व्हायला लागतं, तो "नंतर निवांत वाचू" म्हणून बाजूला ठेवतो आणि निवांत वेळ येतच नाही. पंचवीस शब्दांवरून पाचवर यायचं नाही, बारा-पंधरावर या. त्यांनी पाचवरून आठ-दहावर यावं. मध्येच भेटायचं असतंय.

अजून एक प्रकार म्हणजे तुकड्या-तुकड्यांत पाठवणारे. "ऐक ना" मग "अगं" मग "काय झालं" मग "सांगू का" असे चार मेसेज टिंग टिंग टिंग येतात. यांच्याशी जुळवायचं म्हणजे तुम्हीही चार तुकडे करायचे नाहीत. फक्त त्यांचं सगळं येऊन होईपर्यंत थांबायचं, वरती टायपिंग दिसत असेल तर मध्ये घुसायचं नाही, आणि मधेच एखादं "हं सांग" टाकायचं म्हणजे तुम्ही ऐकताय हे कळतं. उलट तुम्ही तुकड्यांत पाठवणारे असाल आणि समोरचा मशीनवर उभा असेल तर त्याचा फोन खिशात सहादा थरथरतो, अशा वेळी एकत्र लिहून एकदाच पाठवा.

३. पूर्णविराम, टिंबं आणि ताणलेली अक्षरं

पूर्णविरामावरून खरंच संशोधन झालंय. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सेलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये कॉलेजच्या १२६ मुलामुलींना छोटे संवाद वाचायला दिले, ज्यात आमंत्रणाला एका शब्दाचं उत्तर होतं, कधी पूर्णविरामासकट कधी नुसतं. मेसेज म्हणून दाखवलेल्या उत्तराला पूर्णविराम असला की ते वाचणाऱ्यांना कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हातानं लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवलं तर काही फरक पडला नाही. आता हे इंग्रजीतलं आहे आणि कॉलेजच्या पोरांवरचं आहे, पण एक गोष्ट आपल्याही कामाची आहे. तो परिणाम एका शब्दाच्या उत्तरावर बघितला होता. "हो." आणि "बरं." यात पूर्णविराम टोचतो कारण तिथं त्याची गरजच नसते. चार वाक्यांच्या मेसेजमध्ये वाक्यं तोडायला दिलेल्या पूर्णविरामाचा कुणी राग मानत नाही.

म्हणून समोरच्याला पूर्णविराम टोचतो असं दिसलं तर तुमचे सगळे पूर्णविराम काढायची गरज नाही, फक्त एक-दोन शब्दांच्या उत्तरामागचा काढा. वाळूजवाल्या भाऊजींनी तेवढंच केलं.

त्यांचे पूर्णविराम येतात कुठून हेही बघितलं. दिवसभर कंपनीत साहेबांना मेल लिहितात, तिथली सवय. शिवाय बऱ्याच फोनच्या कीबोर्डमध्ये स्पेस दोनदा दाबली की आपोआप पूर्णविराम पडतो, त्यामुळं कित्येकदा माणसाला आपण तो दिलाय हे माहीत पण नसतं. असा पूर्णविराम बघून रात्रभर झोप उडवून घेऊ नका.

टिंबांचं वेगळं आहे. आपल्याकडं बरीच माणसं, विशेषतः थोडी वयानं मोठी किंवा शिक्षकी पेशातली, स्वल्पविरामाच्या जागी दोन टिंबं देतात, "आलो घरी.. जेवण झालं.. आता झोपतो..". यात रुसवा नाही, मनात काही राहिलंय असंही नाही, तो फक्त श्वास घेण्याची जागा दाखवतोय. पण तुमच्या वयाची मुलगी जी कधी टिंबं देत नाही तिनं "ठीक आहे..." असं तीन टिंबं देऊन सोडलं तर तिथं काहीतरी राहिलंय. परत तेच, पट्टी बघा.

ताणलेली अक्षरं म्हणजे "होओओ", "बरंऽऽ", "नाऽ". मराठीत लाड, हट्ट, कंटाळा हे सगळं आपण आवाज ताणून दाखवतो आणि टायपिंगमध्ये ते असंच उतरतं. समोरची व्यक्ती ताणून लिहीत असेल आणि तुम्हाला ते जमत नसेल तर ताणू नका, ओढून ताणून आणलेलं लगेच कळतं. त्याऐवजी "हो" च्या जागी "हो ना", "हो की", "हो गं" लिहा. एक बारका शब्द जोडला की कोरडेपणा जातो आणि तो तुमचाच राहतो.

या बारक्या शब्दांबद्दल एक सांगते. २०११ मध्ये मॉली आयर्लंड, जेम्स पेनबेकर वगैरे संशोधकांनी जोडप्यांच्या चॅट तपासल्या आणि त्यात भारदस्त शब्द न बघता फक्त सर्वनामं, उभयान्वयी अव्यय असले कुणाच्या लक्षातही न येणारे शब्द मोजले. ज्या जोडप्यांचं या शब्दांचं प्रमाण एकमेकांशी जास्त जुळत होतं ती तीन महिन्यांनी एकत्र असण्याची शक्यता जास्त दिसली. शब्द जुळवले म्हणून जोडी टिकली असं त्यातून सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवा. पण जुळणं दिसलं ते न दिसणाऱ्या शब्दांत, डोळ्यात भरणाऱ्या शब्दांत नाही, आणि मी जे सांगतेय ते त्याच्याशी बसतं. आपले "ना", "की", "मग", "पण", "तर" हेच ते शब्द.

४. इमोजी: कुठला यापेक्षा कधी आणि किती

त्यांच्या कागदावरचा तिसरा रकाना बघा. इमोजी ते मेसेजच्या शेवटी देतात का शब्दाच्या जागी देतात का नुसता इमोजीच पाठवतात. प्रमाण जुळवा, चित्र नाही. ते दर चार-पाच मेसेजला एक देत असतील आणि तुम्ही प्रत्येक वाक्याला दोन, तर तुम्ही मेसेजला एकवर या. माझ्या बहिणीनं हेच केलं, वाक्यागणिक देण्याऐवजी मेसेजच्या सगळ्यात महत्त्वाच्या जागी एकच. त्यामुळं झालं काय, तिचा एक 😂 त्याला दिसायला लागला. आधी चार इमोजींच्या गर्दीत तो वाचतच नव्हता.

आणि इमोजी कमी देणाऱ्यांनी सगळीकडं द्यायची गरज नाही. जिथं तुमचं वाक्य दोन्ही अर्थानं वाचता येतं तिथंच द्या. "तुला काय कळतंय" हे चेष्टेत लिहिलं तर मागं 😄 लागतोच, "साडेसातची एसटी आहे" याला कशाची गरज नाही.

काही ठिकाणी जपून:

👍 हा कामाच्या ग्रुपवर "समजलं" म्हणून ठीक आहे, पण तिनं मनातलं काही सांगितल्यावर नुसता अंगठा आला तर विषय बंद केल्यासारखा वाटतो. 🙏 आपल्याकडं नमस्कार, आभार, श्रद्धांजली सगळ्याला चालतो आणि काही जण चेष्टेनं "आता पुरे, हात जोडतो" म्हणून पण देतात, म्हणून होणाऱ्या सासू-सासऱ्यांना जरूर द्या, जोडीदाराला देताना शब्द सोबत लिहा. ❤️ चं तर नीट ऐका, व्हॉट्सॲपवर लाल बदाम एकटाच पाठवला तर तो मोठा होऊन धडधडतो, आणि समोरच्याचा फोन आईच्या हातात असेल तर काय होईल ते सांगायला नको. शेवटी वाक्य जोडून पाठवला की तो लहान राहतो.

आणि एकच इमोजी दोन कंपन्यांच्या फोनवर वेगळा दिसू शकतो. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं होतं की एकाच इमोजीची वेगवेगळ्या फोनवरची रूपं बघून लोक वेगवेगळ्या भावना सांगतात, दात दाखवणारा हसरा चेहरा एका फोनवर आनंदी वाटला तर दुसऱ्यावर चिडलेला. आता चित्रं बरीच सारखी झालीत, पण जुना फोन असेल तर फरक राहतो. व्हॉट्सॲपवर बहुतेक अँड्रॉइड फोनना व्हॉट्सॲपचीच चित्रं दिसतात आणि आयफोनला ॲपलची, त्यामुळं पहिल्या भेटीत दोन्ही फोन शेजारी ठेवून तुमचे नेहमीचे चार-पाच इमोजी एकदा बघून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

५. काय उचलायचं नाही

प्रत्येकाच्या लिहिण्यात एक-दोन गोष्टी अशा असतात की नंबर झाकला तरी तो मेसेज कुणाचा ते कळतं. कुणाचं "अय्या", कुणाचं "विषय हार्ड", कुणी दर मेसेजला 🌼 देतं. या गोष्टी त्या माणसाच्या आहेत. त्या उचलल्या की समोरच्याला वाटतं आपल्याला चिडवताय. माझ्या नवऱ्याच्या जालन्याच्या मित्रानं प्रेमानंच होणाऱ्या बायकोसारखं 🌼 द्यायला सुरुवात केली, आठ दिवसांत तिनं तो देणंच बंद केलं. ओळखायची खूण हीच आहे. तुम्ही एखादी गोष्ट उचलली आणि त्यांनी ती सोडली, की समजायचं त्यांना नक्कल वाटली. त्याच दिवशी थांबवा, स्पष्टीकरण देत बसू नका, काही दिवसांनी ती गोष्ट परत येते.

बोलीचंही असंच. तुम्ही नांदेडचे आणि समोरची पुण्यात वाढलेली असेल, तुम्ही "काय करायलीस" लिहिता आणि ती "काय करतेयस" लिहिते, तर दोघांनीही आपापलं ठेवा. तिनं मुद्दाम "करायलोय, येऊ लागलोय" लिहिलं तर तुम्हाला गंमत वाटण्याऐवजी गावठी म्हणून हिणवल्यासारखं वाटू शकतं, आणि तुम्ही पुणेरी लिहायला गेलात तर दोन ओळींत पाय घसरतो. शब्द समजला नाही तर सरळ विचारा, त्यातून गप्पाच वाढतात.

आणि तू-तुम्हीचं. तो "तू" म्हणतो म्हणून तिनंही लगेच "तू" वर यायचं, किंवा ती "अहो" म्हणते म्हणून त्यानंही "अहो" करायचं, हे टायपिंगच्या जुळवाजुळवीत धरूच नका. हा नात्याचा आणि घराचा विषय आहे, तो दोघांनी बोलून ठरवायचा.

६. रागात जुळवायचं नाही

हा सगळ्यात मोठा खड्डा आहे. वरचं सगळं रोजच्या चॅटसाठी आहे. समोरचा दुखावलेला असताना तुटक लिहितो आणि तुम्ही पण "जुळवून" तुटक लिहिलं तर भांडण वाढतं, कारण माणसं भांडतानाही एकमेकांच्या सुरात सूर मिसळतातच, फक्त तो सूर वाईट असतो.

माझ्या बहिणीनं मध्ये दोन दिवस तेच केलं होतं. त्याचं "हो." आलं की हिचं पण "हो.", त्याचं "बरं." की हिचं "बरं.". दुसऱ्या दिवशी रात्री त्याचा मेसेज आला, "काही झालंय का? माझ्या घरच्यांकडून काही बोलणं झालं का?" बिचाऱ्याला वाटलं मानपानावरून काहीतरी बिनसलंय, तो त्याच्या आईला विचारायच्या बेतात होता. बघा, त्याच्यासाठी तिचे पंचवीस शब्द हीच तिची पट्टी होती, ती अचानक एकवर आली म्हणजे तो घाबरणारच. त्याच्यासारखं लिहिल्यानं ती त्याच्या जवळ गेलीच नाही, उलट लांब गेली.

म्हणून पट्टीपेक्षा अचानक आखूड, अचानक पूर्णविराम, अचानक इमोजी बंद असं दिसलं तर तुमची नेहमीची लांबी आणि नेहमीचा सूर धरून ठेवा आणि एक सरळ प्रश्न विचारा. "आज मेसेज छोटे वाटले, दमलायस का काही झालंय?" एवढंच. एकदाच. उत्तर "काही नाही" आलं तर सकाळपर्यंत सोडा. सकाळी पण तसंच असेल तर चॅट बंद आणि फोन करा, गच्चीवर जाऊन, शेतात जाऊन, कसंही करून.

७. एका वेळी एकच बदल

सगळं एकदम बदललं की समोरच्याला संशय येतो आणि तुम्हालाही कळत नाही कशानं फरक पडला. पहिला आठवडा फक्त लांबी आणि मुद्दे. दुसऱ्या आठवड्यात एका शब्दाच्या उत्तरामागचे पूर्णविराम. तिसऱ्यात इमोजीचं प्रमाण. आणि तुमची एक तरी सवय मुद्दाम जशीच्या तशी ठेवा. बहिणीनं 🙈 सोडला नाही, आणि सोडायला पण नको होता, कारण तो आला की समोर तीच आहे हे त्याला कळतं.

महिन्यानं परत वीस-वीस मेसेज मोजा. बघायचं काय, तर दोन्ही बाजू सरकल्यात का. या दोघांचं ती पंचवीसवरून पंधरा-सोळावर आणि तो चार-पाचवरून नऊ-दहावर असं आलं. सारखं झालं नाही आणि व्हायची गरजही नाही. पण एकच बाजू सरकलीय आणि दुसरी जागची हलली नाहीये असं दिसलं तर अजून सरकू नका. तेव्हा तोंडानं सांगायची वेळ आलीय: "मला लांब लिहायला आवडतं, तुम्ही थोडक्यात लिहा पण मी सांगितलेल्या गोष्टीवर एक ओळ तरी लिहीत जा." बहुतेक माणसं हे ऐकतात, त्यांना फक्त कुणी सांगितलेलं नसतं. आणि टायपिंगच जमत नसेल, हात कामात असतील, डोळ्याला त्रास असेल, तर व्हॉइस मेसेज चालू करा. त्याला एक मिनिटाची मर्यादा दोघांनी आधीच ठरवून घ्या, आणि हेडफोन लावून ऐका.

लग्नानंतर ही पट्टी मोडते. एका घरात आल्यावर मेसेज "येताना कोथिंबीर आण", "गॅस संपला", "पोचलो" असे होतात आणि त्यात जिव्हाळा शोधायला जाऊ नका, तो आता स्वयंपाकघरात आणि जेवणाच्या ताटावर बोलला जातो. पण नवरा परत बाहेरगावी नोकरीला गेला किंवा बायको पहिल्या सणाला माहेरी गेली की चॅट पुन्हा मोठी होते, तेव्हा जुना कागद काढू नका, नवीन वीस मेसेज घ्या आणि पहिल्या पायरीपासून सुरू करा.